सरकतं गेट वर अडकतं, दोष खाली रेलमध्ये असतो – माझा अनुभव

धायरीतल्या आमच्या घराचं सरकतं गेट साडेआठ फूट उघडलं की जाम व्हायचं. उरलेल्या साडेतीन फुटांसाठी दोघांना जोर लावायला लागायचा. फॅब्रिकेटर तीनदा येऊन गेला आणि तिन्ही वेळा त्याने गेटला वरून दोन्ही बाजूंनी धरणारे गाईड रोलर ढिले केले. शेवटी रोलर आणि गेटमधली फट अर्धा इंच झाली, गेट हाताने हलवलं की झुलायला लागलं आणि अडकणं तसंच राहिलं. त्यात गेलेला दीड महिना मला अजून खटकतो, कारण बिघाड शोधायला लाईनदोरी आणि अर्धा तास पुरेसा होता.

आधी मापं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. मोकळी जागा १२ फूट, गेट साडेतेरा फूट लांब आणि ५ फूट उंच. पत्रा १.२ मिमीचा, चौकट चौकोनी पाईपची, एकूण वजन सव्वाशे किलोच्या आसपास. खाली १०० मिमीची दोन चाकं, गेटच्या दोन्ही टोकांपासून एकेक फूट आत, म्हणजे चाकांमधलं अंतर साडेअकरा फूट. रेल म्हणजे ५० मिमी रुंदीच्या पट्टीवर वेल्ड केलेला २० मिमीचा गोल बार, लांबी २५ फूट. बाजारात बार २० फुटी मिळतो, तेव्हा एक जोड येणारच.

मधे तिसरं चाक लावायचा आग्रह अनेक जण करतात. लावू नका. दोन चाकांवर वजन सरळ वाटलं जातं. तिसरं आलं की रेल जिथे किंचित उंच असेल तिथे गेट मधल्या चाकावर डोलतं. त्यापेक्षा एकेक चाक अख्ख्या गेटचं वजन पेलेल असं, दोन बेअरिंगचं घ्या.

आता अडकण्याचं. गेट जाम झालं त्या जागी ते तसंच ठेवलं आणि दोन्ही चाकं रेलवर जिथे होती तिथे खडूने खुणा केल्या. मागचं चाक बरोबर जोडावर होतं. मग रेलच्या दोन टोकांना बारच्या बाजूला एकाच जाडीचे लाकडी ठोकळे धरून दोरी ताणली आणि फुटाफुटावर दोरीपासून बारपर्यंतचं अंतर मोजलं. सगळीकडे एक-दोन मिलिमीटरचा फरक, जोडापाशी मात्र बार १२ मिमी बाजूला गेलेला. चाकाच्या खाचेतही एकाच कडेला चकचकीत घासल्याची रेघ होती. बार वाकडा असल्याची ही पक्की खूण.

खालचा हा बाक वर कसा पोचतो, ते समजून घ्यायला हवं. चाकं रेल जाईल तिकडे जातात, पण गाईड रोलर खांबावर एका जागी पक्के असतात. मागचं चाक जोडावर असताना पुढचं चाक गाईडच्या तीन फूट अलीकडे आणि मागचं साडेआठ फूट पलीकडे होतं. मागचं चाक १२ मिमी बाजूला गेलं की गाईडखाली गेट साधारण ३ मिमी सरकतं. रोलरची मूळ फट प्रत्येक बाजूला २ मिमी होती. ती संपली आणि गेट रोलरवर दाबलं गेलं. जोर वर लागत होता म्हणून सगळ्यांचं लक्ष वरच गेलं. फट वाढवली तरी चाक वाकड्या बारवर घासतच राहतं, म्हणून तिथे फट वाढवणं हा उपाय नव्हेच. त्याने फक्त गेट पडायचा धोका वाढतो.

बार वाकला दोन कारणांनी. जोडापासून पुढे एकाच बाजूने सलग वेल्ड मारलेला. थंड होताना तो बार स्वतःकडे ओढतो. आणि पट्टी फास्टनरने पेव्हर ब्लॉकवर बसवलेली. ब्लॉकखाली वाळू असते, एका पावसाळ्यात ते सरकतात. ते काही फाउंडेशन नव्हे.

म्हणून रेल पूर्ण काढली आणि काँक्रीटचा पट्टा टाकला: २५ फूट लांब, १ फूट रुंद, ८ इंच खोल, त्यात १० मिमीच्या चार सळ्या आणि रिंगा. १:१.५:३ च्या मिश्रणाला चार गोण्या सिमेंट लागलं. आमच्याकडे मुरूम आहे, म्हणून खाली फक्त धुम्मस मारला. काळी माती असेल तर आणखी फूटभर खणून मुरूम भरा आणि ठोका, नाहीतर पावसात ती फुगून रेल उचलते आणि उन्हाळ्यात खाली बसते. पट्टीला खालून दर दीड फुटाला सळीचे आकडे वेल्ड केले आणि ते ओल्या काँक्रीटमध्ये रोवले. सात दिवस पाणी मारल्याशिवाय गेट चढवलं नाही.

बार पट्टीवर जोडताना आधी चार-चार इंचांवर टाके, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मधे दोरी लावून तपासणी. जोडाला बार तिरका कापला, वेल्ड केला, ग्राइंडरने असा घासला की नख फिरवलं तरी अडत नाही. अख्खा २० फुटी तुकडा गाडी जाते तिथे ठेवा, जोड भिंतीमागच्या भागात येऊ द्या.

लेव्हलवरून गवंड्याशी वाद झाला. गल्लीला उतार आहे. २५ फुटांत अडीच इंच. त्याला रेल रस्त्याच्या उताराने टाकायची होती, दिसायला बरी म्हणून. पण तेवढ्या उतारावर सव्वाशे किलोच्या गेटला साधारण एक किलोचा सतत रेटा बसतो. नवीन बेअरिंगवर गेट जरा ढकललं तर थांबायचं नाव घेत नाही. पाण्याच्या नळीने दोन्ही टोकं एका पातळीत घेतली, उंच टोकाला धरून. मग मोकळ्या जागेच्या खालच्या कडेला रेल सव्वा इंच वर आली. तिथे दोन्ही अंगांना दोन-दोन फुटांचा उतरता काँक्रीट केला आणि गाडीला काही कळतही नाही. रस्त्यावर पुन्हा डांबराचा थर चढेल तेव्हा हीच उंची कामाला येईल.

वरून टांगलेल्या ट्रॅकचा विचार सोडला, कारण त्याला दारावर तुळई लागते आणि मग पाण्याचा टँकर आत येत नाही.

स्टॉपरचं आधीच सांगायला हवं होतं. गेट पूर्ण बंद असताना त्याची शेपूट गाईड रोलरच्या पलीकडे किमान फूटभर राहिली पाहिजे. आमची सव्वा फूट आहे. शेपूट रोलरमधून सुटली की गेट धरायला काहीच उरत नाही आणि ते आडवं पडतं. म्हणून स्टॉपर दोन्ही टोकांना, ८ मिमी प्लेटचे, रेलच्या पट्टीला वेल्ड केलेले, आणि गेटच्या खालच्या जाड पाईपला अडवतील असे. चाकाला अडवणारा स्टॉपर नको. जोरात आलेलं चाक त्यावर चढू शकतं. रबर लावा, पण आधार प्लेटवर हवा. गेट चढवण्याआधी स्टॉपर लावून घ्या.

रेलवर ऑइल किंवा ग्रीस घालू नका, त्यात धूळ बसून घासण्याची पेस्ट होते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ब्रश पुरतो. रोलरची फट परत २ मिमीवर आणली आहे आणि गेट एका हाताने पूर्ण १२ फूट जातं. यंदाचा पाऊस संपला की पुन्हा दोरी लावणार आहे. ३ मिमीच्या वर फरक दिसला तर आधी त्या जागचं काँक्रीट तपासणार.