योकवरचे २४४ टाके

लेकीला योकवर, म्हणजे गळ्याखालच्या खांद्यांभोवतीच्या भागावर, दोन रंगांची नक्षी असलेला स्वेटर हवा होता. आजवर मी सगळे स्वेटर दोन सुयांवरच विणले: पाठ, पुढचा भाग, दोन बाह्या, मग शिवण. हाही तसाच सुरू करणार होते, पण नक्षीचा विचार केला आणि थांबले. दोन सुयांवर एक ओळ सुलट, एक उलट. उलट ओळीत नक्षी पलीकडच्या बाजूला जाते, दोन्ही रंगांचे धागे आपल्यासमोर गुंततात, आणि शेवटी प्रत्येक शिवणीवर नक्षी जुळवायची ती वेगळीच. गोल सुईवर सुलट बाजू कायम डोळ्यांसमोर राहते, सगळे टाके सुलट, शिवण नाही. म्हणून गोलच विणायचं ठरवलं. सुती धाग्याचा जड स्वेटर असता तर मात्र मी शिवणीच ठेवल्या असत्या. त्या वजन तोलून धरतात, स्वेटर लोंबत नाही.

टाके मोजायला आधी विणतात तो छोटा नमुना मी सवयीने दोन सुयांवर विणला. इंचाला ५ टाके आले. घेर ३६ इंच हवा, म्हणून १८० टाके घातले. तीन इंच विणून टेप लावली तर घेर जेमतेम पावणेतेहेतीस! माझे उलट टाके सुलट टाक्यांपेक्षा सैल पडतात, आणि गोल विणताना उलट टाका येतच नाही. त्यामुळे इंचाला साडेपाच टाके बसले होते. सगळं उसवलं, ४ ऐवजी साडेचार मिलिमीटरची सुई घेतली, आणि या वेळी नमुनाही गोलच विणला.

टाक्यांचा हिशेब मी विणकामावर पुस्तकं लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांच्या टक्केवारीच्या पद्धतीने केला. अंगाचे टाके म्हणजे १०० टक्के. मनगटाला २० टक्के म्हणजे ३६, बाहीला वर ३३ टक्के म्हणजे ६०, काखेत ८ टक्के म्हणजे १४, गळ्याला ४० टक्के म्हणजे ७२.

अंग आणि बाह्या काखेपर्यंत वेगवेगळ्या नळ्यांसारख्या विणून झाल्या की सगळं एका लांब सुईवर घ्यायचं. त्याआधी दोन्ही काखांत अंगाचे १४-१४ टाके जाड दोऱ्यावर काढून ठेवायचे, म्हणजे पुढे ७६ आणि पाठीला ७६ उरतात. प्रत्येक बाहीचेही १४ काढायचे, ४६ उरतात. इथे माझी दुसरी चूक झाली. बाहीची फेरी जिथे सुरू होते तिथपासून मी सरळ १४ टाके मोजून काढले. वाढवलेल्या टाक्यांची रेघ त्या ठिकाणी, बाहीच्या खालच्या बाजूला असते; ती काखेच्या मध्यावर यायला हवी. माझी ती काखेच्या एका टोकाला गेली आणि जोडल्यावर बाही पिळल्यासारखी दिसू लागली. दोन फेऱ्या उसवल्या. रेघेच्या अलीकडचे ७ आणि पलीकडचे ७ असे टाके काढले, तेव्हा ती सरळ झाली.

आता सुईवर बाही ४६, पुढचे ७६, दुसरी बाही ४६, पाठ ७६, असे २४४ टाके होते. माझी नक्षी ८ टाक्यांची. २४४ ला ८ ने भाग जात नाही, अर्धी नक्षी उरते. चार टाके कमी करायचे, पण कुठे? अंग आणि बाही जिथे भेटतात ते चार कोपरे मला सापडले. तिथे टाके ओढले जातात आणि भोकं पडतात. प्रत्येक कोपऱ्यावर अंगाचा एक आणि बाहीचा एक असे दोन टाके एकत्र विणले. भोकं लहान झाली आणि उरले बरोबर २४०, म्हणजे ३० नक्ष्या.

योकची उंची घेराच्या चौथ्या भागाइतकी, ९ इंच. निम्म्या उंचीपर्यंत एकही टाका कमी केला नाही. मग एका साध्या, एकरंगी फेरीत दोन सुलट, दोन एकत्र, असं करत १८० केले. पाऊण उंचीवर एक सुलट, दोन एकत्र, म्हणजे १२०. गळ्याजवळ पुन्हा तेच, ८०. नक्षीच्या संख्या अशा उतरतात: आधी ८ टाक्यांची, मग ६ ची, मग ४ ची, पण नक्ष्या ३० च राहतात. म्हणून एकाच रेषेत त्या गळ्याकडे निमुळत्या होत जातात. ते बघताना मला केवढा आनंद झाला!

गळ्याच्या पट्टीआधी ८० चे ७२ केले. त्याआधी फक्त पाठीच्या बाजूला चार अर्ध्या ओळी विणून मान थोडी उंच केली, नाहीतर पुढचा गळा घशाशी लागतो. शेवटी काखेतले १४ आणि १४ टाके सुईदोऱ्याने समोरासमोर जोडले. काखेत दोन्ही टोकांना छोटी भोकं उरतात. धाग्याची शेपटी लांब ठेवली होती, तिनेच आतून ती आवळून घेतली.