चॅट पुसली, तरी नोटिफिकेशन उरलंच

मेसेज फोनवर येतो तेव्हाच त्याच्या दोन प्रती झालेल्या असतात. एक चॅट अ‍ॅपच्या स्वतःच्या साठ्यात जाते. दुसरी प्रत अ‍ॅप नोटिफिकेशन म्हणून फोनच्या सिस्टिमच्या हवाली करतं. आपण चॅट डिलीट करतो ती पहिल्या ठिकाणची. दुसऱ्या प्रतीचा माग मला काढावा लागला तो एका मैत्रिणीच्या तपासणीच्या निकालामुळे.

तिने निकाल मला मेसेजवर कळवला आणि थोड्याच वेळात ‘सर्वांसाठी डिलीट’ करून टाकला. ते कुणी वाचू नये एवढीच तिची इच्छा. पण मधल्या वेळात मी रेंज नसलेल्या खोलीत मीटिंगला बसले होते. नोटिफिकेशन आधीच आलं होतं. ते मागे घेण्याचा निरोप मात्र नेटशिवाय फोनपर्यंत पोहोचत नव्हता. टेबलावरचा फोन शेजारच्या सहकाऱ्याने वेळ पाहायला उजळवला, तर लॉक स्क्रीनवर तिचं नाव आणि निकालाची ओळ जशीच्या तशी. बाहेर आल्यावर रेंज मिळाली आणि ती ओळ आपोआप गेली. संध्याकाळी मी माझ्याकडची सगळी चॅटही पुसली.

माझा फोन अँड्रॉइडचा. आधी लॉक स्क्रीनचा बंदोबस्त केला. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स, तिथे लॉक स्क्रीनवरच्या नोटिफिकेशन्सचा पर्याय. त्यात सगळं दाखवा, खाजगी मजकूर लपवा किंवा काहीच दाखवू नका, अशा अर्थाच्या निवडी असतात. शब्द आणि जागा कंपनीनुसार बदलतात, काही फोनांत हे ‘लॉक स्क्रीन’ नावाच्या वेगळ्या विभागात असतं. मी मजकूर लपवायचा पर्याय घेतला. एक अट मात्र आहे: फोनला पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड हवा. नुसतं बोट सरकवून उघडणाऱ्या फोनवर लपवण्याला काही अर्थच राहत नाही.

मैत्रिणीला ‘चाचणी, निळी छत्री’ असा मेसेज पाठवायला सांगितलं. लॉक स्क्रीनवर फक्त अ‍ॅपचं नाव आणि मजकूर लपवल्याची सूचना. इथे बहुतेक जण थांबतात, आणि मीही थांबले असते, पण सेटिंग्जमध्ये त्याच विभागात ‘नोटिफिकेशन हिस्ट्री’ दिसली. काही फोनांत ती ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’च्या आत असते. ही सोय अँड्रॉइड ११ पासून आली. चुकून सरकवलेलं नोटिफिकेशन पुन्हा वाचता यावं म्हणून ती केलेली आहे, आणि चालू असेल तर साधारण २४ तासांतली नोटिफिकेशन्स साठवते. माझ्या फोनवर ती चालू होती. उघडली तर निळी छत्री पूर्ण मजकुरासह हजर! आणि खाली, आदल्या दुपारच्या वेळेसह, मैत्रिणीचा तो निकालही. तिने डिलीट केलेला, मी चॅटसकट पुसलेला.

कारण कळलं की हे अगदी सरळ आहे. लॉक स्क्रीनवर मजकूर लपवणं म्हणजे खिडकीला पडदा लावणं. आतली वस्तू जागेवरच असते. अ‍ॅपने सिस्टिमला पूर्ण वाक्य दिलेलं असतं. सिस्टिम फक्त कुलूपबंद पडद्यावर ते दाखवत नाही, पण हिस्ट्रीत टिपून ठेवते. हिस्ट्री पाहायला फोन उघडावा लागतो हे खरं, पण घरातला कुणी आपला पिन जाणत असेल, किंवा फोटो पाहायला उघडा फोन हातात दिला असेल, तर ती पाहणं अवघड नाही.

हिस्ट्रीतली एक एक नोंद पुसायचं बटण मी बराच वेळ शोधत राहिले. माझ्या फोनवर ते नाहीच. करायचं ते एवढंच की वरचा मुख्य स्विच बंद करायचा. त्याने साठलेलं सगळं जातं. मी बंद केला, मग खात्रीसाठी परत चालू करून पाहिलं, यादी रिकामी होती. शेवटी बंदच ठेवला. सरकवून टाकलेलं नोटिफिकेशन परत वाचायची गरज मला तरी क्वचितच पडते.

यापेक्षा पक्का उपाय म्हणजे मजकूर सिस्टिमपर्यंत जाऊच न देणं, आणि तो अ‍ॅपच्या आतून करायचा असतो. सिग्नलमध्ये नोटिफिकेशन्सच्या सेटिंगमध्ये काय दाखवायचं ते ठरवता येतं: नाव आणि मेसेज, फक्त नाव, किंवा दोन्ही नाही. मी शेवटचं निवडलं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये एखादीच चॅट लॉक करता येते. त्या चॅटचं नोटिफिकेशन येतं, पण पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकूर दोन्ही वगळून. मैत्रिणीची चॅट मी तशी लॉक केली. मग हिस्ट्री तेवढ्यापुरती चालू करून पुन्हा चाचणीचा मेसेज मागवला. या वेळी हिस्ट्रीतही नुसतं ‘नवीन मेसेज आला’ एवढंच. सिस्टिमला जे मिळालंच नाही ते ती साठवणार कुठून?

याची किंमत आहे, ती सांगायला हवी. कोणाचा मेसेज, घाईचा की नुसती सुप्रभातची फुलं, हे आता फोन उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी हे दोन-तीन चॅटपुरतंच ठेवलं. बाकीच्यांसाठी लॉक स्क्रीनचा पडदा पुरे.

मैत्रिणीचा फोन आयफोन आहे, तिथलं गणित वेगळं. अँड्रॉइडसारखी हिस्ट्रीची यादी तिथे नाही. न हाताळलेली नोटिफिकेशन्स मात्र नोटिफिकेशन सेंटरमध्ये साठून राहतात, आणि लॉक स्क्रीनवर मधून वर बोट सरकवलं की दिसतात. सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, ‘शो प्रिव्ह्यूज’ इथे नेहमी, अनलॉक असताना किंवा कधीच नाही असे तीन पर्याय आहेत. प्रत्येक अ‍ॅपसाठी वेगळे ठेवता येतात. ‘अनलॉक असताना’ यात एक खोच आहे. फेस आयडी असेल तर मालकाने नुसतं पाहिलं तरी लॉक स्क्रीनवरच मजकूर उघडा होतो, मग मागे उभा माणूसही वाचतो. तिने ‘कधीच नाही’ घेतलं. शिवाय फेस आयडी आणि पासकोडच्या सेटिंगमध्ये, लॉक असताना काय उघडू द्यायचं त्या यादीतून नोटिफिकेशन सेंटरही बंद केलं, आणि जुनी साठलेली नोटिफिकेशन्स पुसून टाकली.

सगळ्यात शेवटी माझ्या फोनवर ‘नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस’ची यादी पाहिली. ती अ‍ॅप्सच्या विशेष परवानग्यांत असते. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘अ‍ॅक्सेस’ टाइप करावं. या यादीतल्या अ‍ॅपला येणारी नोटिफिकेशन्स वाचता येतात. घड्याळाचं अ‍ॅप तिथे होतंच, आणि घड्याळाच्या पडद्यावर मेसेज वेगळा उमटतो, त्यामुळे तिथे चॅट अ‍ॅपची नोटिफिकेशन्स बंद केली. दुसरं होतं डिलीट झालेले मेसेज वाचायला म्हणून कधीतरी घेतलेलं एक अ‍ॅप. ते स्वतःची वेगळी नोंदवही ठेवतं. फोनची हिस्ट्री बंद केली तरी त्याच्या वहीला धक्का लागत नाही, आणि २४ तासांची मर्यादाही तिथे नसते. उघडून पाहिलं, निकालाची ओळ तिथेही होती. आधी त्याची परवानगी काढली, मग अ‍ॅपच्या स्टोरेजमध्ये जाऊन डेटा पुसला आणि ते अनइन्स्टॉल केलं.