शेळ्या कोणाच्या, आणि कंपनी कोणाच्या अखत्यारीत?

आकुर्डी स्थानकाजवळच्या कंपनी निबंधक कार्यालयात माझे महिन्यातून दोन-तीनदा तरी जाणे होते. कंपनी सेक्रेटरी म्हणून पुण्यात स्वतंत्र व्यवसाय करताना बहुतेक कामे विवरणपत्रे, ठराव आणि भागभांडवल यांचीच असतात. एखादी कंपनी नेमकी कोणत्या नियामकाच्या देखरेखीखाली येते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, कारण बँक, विमा कंपनी किंवा म्युच्युअल फंड यांच्या बाबतीत उत्तर नावातच असते. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी कोथरूडचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले, त्या दिवशी मात्र नावाचा काहीच उपयोग नव्हता.

सरांनी चार लाख रुपये एका शेळीपालन कंपनीत गुंतवले होते. एक लाखाचे एक ‘युनिट’, एका युनिटमागे दहा शेळ्या, मुदत छत्तीस महिने. शेळ्या शिरूरकडच्या शेडमध्ये राहणार, चारा-पाणी आणि औषधोपचार कंपनी करणार, आणि करडांच्या विक्रीतून येणाऱ्या नफ्यातला हिस्सा दर सहा महिन्यांनी मिळणार. पहिले दोन हप्ते वेळेवर आले, तिसरा आला नाही. त्यांनी एका कार्यालयाकडे तक्रार पाठवली, ती ‘हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही’ एवढ्या एका वाक्यासह परत आली.

“कंपनी सरकारकडे नोंदलेली आहे, मग कोणीतरी तिच्यावर असेलच ना?” सरांनी विचारले.

“नोंद प्रत्येक कंपनीची असते, सर. देखरेख कोणाची, हे ती काय करते त्यावरून ठरते,” असे मी म्हणाले खरे, पण ती नेमके काय करते हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हते.

कंपनीच्या माहितीपत्रकावर एकवीस अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक ठळक छापला होता, जणू तोच परवाना. या क्रमांकातले पहिले अक्षर कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध आहे की नाही हे सांगते, त्यापुढचे पाच अंक उद्योगाचे सांकेतिक अंक असतात, मग राज्य, स्थापनेचे वर्ष, कंपनीचा प्रकार आणि नोंदणी क्रमांक. इथले पाच अंक शेती व पशुपालनाचे होते. माझी पहिली चूक इथेच झाली. शेतीची कंपनी, म्हणजे वेगळा नियामक नाही, तक्रार निबंधकांकडे, असे मी मनात ठरवून टाकले. वास्तविक हे अंक स्थापनेच्या वेळी प्रवर्तकांनी जो उद्योग सांगितला त्यावरून पडतात. पुढे कंपनी दुसरेच काही करू लागली, तरी ते आपोआप बदलत नाहीत.

मग मी केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून कंपनीचा ताळेबंद काढला.

सर्वांत आधी रिझर्व्ह बँकेचा प्रश्न निकालात काढायचा होता, कारण लोकांकडून पैसे घेणारी कोणतीही कंपनी रिझर्व्ह बँकेच्याच कक्षेत येते अशी सर्वसाधारण समजूत असते. बिगरबँक वित्तीय कंपनी ठरण्यासाठी ‘मुख्य व्यवसाया’ची कसोटी आहे. एकूण मालमत्तेत वित्तीय मालमत्ता, म्हणजे दिलेली कर्जे, समभाग वगैरे, निम्म्याहून अधिक असावी लागते आणि एकूण उत्पन्नातही त्या मालमत्तेपासूनचे उत्पन्न निम्म्याहून अधिक असावे लागते. दोन्ही अटी एकाच वेळी लागू होतात. या कंपनीची एकूण मालमत्ता 8 कोटी 20 लाखांची होती आणि त्यातली दिलेली कर्जे, बँकेतल्या ठेवी धरल्या तरीही, 1 कोटी 90 लाख, म्हणजे एक चतुर्थांशापेक्षाही कमी. उत्पन्न 2 कोटी 60 लाख, त्यातले व्याज 14 लाख. दोन्ही बाजूंनी कसोटी लागत नव्हती. सरांची तक्रार परत का आली असावी, हे आता माझ्या लक्षात आले. ती रिझर्व्ह बँकेकडे पाठवण्यातच चूक होती.

ताळेबंदाच्या देणी बाजूला मात्र एक आकडा होता, ज्यापाशी मी बराच वेळ थांबले. ‘ग्राहकांकडून मिळालेली आगाऊ रक्कम’: 6 कोटी 75 लाख. आणि मालमत्तेच्या बाजूला ‘पशुधन’: 94 लाख.

सरांच्या कागदांत दोन करार होते, दोन्ही एकाच तारखेचे. पहिला शेळ्यांच्या खरेदीचा, प्रत्येक शेळी साडेसात हजार रुपयांना, कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकासह. दुसरा संगोपनाचा. कंपनीचा युक्तिवाद यातून सरळ दिसत होता: आम्ही लोकांचे पैसे गुंतवत नाही, आम्ही शेळ्या विकतो आणि मालकाच्या शेळ्या सांभाळण्याची सेवा देतो. हा युक्तिवाद नवा नाही. शेतजमीन विकून ती विकसित करून देतो असे सांगणाऱ्या पीजीएफ या कंपनीने तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता, आणि मार्च 2013 मध्ये न्यायालयाने तो फेटाळून, भांडवल बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या कायद्यातले सामूहिक गुंतवणूक योजनांविषयीचे कलम 11अअ वैध ठरवले.

आता हिशेब पाहा. शेळ्या खरोखर विकल्या असत्या, तर मिळालेला पैसा विक्रीचे उत्पन्न म्हणून दिसायला हवा होता, देणे म्हणून नव्हे. आणि शेळ्या ग्राहकांच्या असत्या, तर त्या कंपनीच्या ताळेबंदात यायलाच नको होत्या. इथे पैसा देण्यात होता आणि शेळ्या कंपनीच्या मालमत्तेत. शिवाय 6 कोटी 75 लाख म्हणजे 675 युनिट, म्हणजे 6,750 शेळ्या. साडेसात हजारांच्या भावाने 94 लाखांत साधारण साडेबाराशे शेळ्याच येतात. म्हणजे पाचातल्या चार शेळ्या कागदावरच होत्या, किंवा कंपनीने आपल्याच ग्राहकांना लावलेला भाव खोटा होता. मला दोन्ही शक्यता सारख्याच वाईट वाटल्या.

कलम 11अअ मधल्या सामूहिक गुंतवणूक योजनेच्या चार अटी मी एकेक करून कागदांशी ताडून पाहिल्या. लोकांचे पैसे एकत्र करून योजनेसाठी वापरले जातात का? पैसे नफा, उत्पन्न, उत्पादन किंवा मालमत्ता मिळावी या हेतूने दिले जातात का? योजनेतली मालमत्ता गुंतवणूकदारांच्या वतीने दुसरा कोणी सांभाळतो का? आणि गुंतवणूकदाराला दैनंदिन व्यवस्थापनावर ताबा नसतो ना? दुसरी आणि तिसरी अट करार वाचताच पूर्ण होत होती. चौथीसाठी मी सरांना विचारले, “तुम्ही कधी तुमच्या शेळ्या घरी नेतो म्हणालात तर?”

“करारात तशी सोयच नाही. एकदा पाहायला गेलो होतो, तर राखणदार म्हणाला, आठ दिवस आधी कळवा. आत गेल्यावर माझी शेळी दाखवा म्हटलं, तर त्यानं शंभरेक शेळ्यांकडे हात केला.”

हा राखणदार मला माझ्या कामाचा माणूस वाटला. खरेदी करारावर बिल्ल्याचा क्रमांक छापणे सोपे. त्या क्रमांकाची शेळी वेगळी ठेवणे, तिच्या करडांचा वेगळा हिशेब ठेवणे आणि ती मेली तर तोटा त्या एकाच मालकाच्या नावावर टाकणे अवघड. संगोपन करारात तर उलटेच लिहिले होते. शेळी मेल्यास कंपनी बदली शेळी देईल आणि सर्व युनिटधारकांना हिस्सा समान मिळेल. पहिली अट, पैसे एकत्र होण्याची, या एका कलमातच पूर्ण होत होती.

दुपारी सरांचे मेहुणे सासवडहून आपले कागद घेऊन आले. त्यांचेही एक युनिट होते. दोन्ही खरेदी करार शेजारी ठेवले, तेव्हा सरांच्या यादीतले तीन बिल्ला क्रमांक मेहुण्यांच्या यादीतही निघाले. सर काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि यादी पुन्हा वाचली.

खऱ्या विक्रीचे उदाहरणही माझ्यासमोर होते. माझे दुसरे एक अशील शेळ्या विकतात आणि हवे असल्यास महिन्याचे ठरीव पैसे घेऊन सांभाळतात. तिथे ग्राहक कोणत्याही दिवशी शेळी घेऊन जाऊ शकतो, करडू त्याचे, मेलेल्या शेळीचा तोटाही त्याचाच. पैसे विक्रीत दिसतात. शेळ्या, शेड, संगोपन हे शब्द दोन्हीकडे तेच आहेत, पण ती सामूहिक गुंतवणूक योजना नाही.

एक प्रश्न उरला होता. 2014 च्या दुरुस्तीनंतर शंभर कोटी किंवा त्याहून अधिक रक्कम गोळा करणारी नोंदणीविना योजना चार अटी न तपासताही सामूहिक गुंतवणूक योजना मानली जाते. इथे पावणेसात कोटीच होते, त्यामुळे ती सवलत नव्हती, चारही अटी कागदाने सिद्ध कराव्या लागणार होत्या. कंपनीला काही परवाना आहे का, हे पाहण्यासाठी मी सेबीच्या संकेतस्थळावरची नोंदणीकृत संस्थांची यादी उघडली. तिथे तिचे नाव नव्हते.

करारातल्या एका वाक्याने मात्र मला संध्याकाळपर्यंत अडवून ठेवले: ‘मुदतीअखेर किमान मूळ रक्कम परत करण्याची हमी.’ नफ्यातला हिस्सा हा गुंतवणुकीचा स्वभाव, मूळ रक्कम परत करण्याचे वचन हा ठेवीचा. ठेव मानली, तर रस्ता कंपनी कायद्याच्या कलम 73 कडे, म्हणजे निबंधकांकडे जातो. मालाच्या पुरवठ्यासाठीची आगाऊ रक्कम ठेव ठरत नाही, पण ती 365 दिवसांत मालापोटी वळती व्हावी लागते, आणि इथे तर तीन वर्षांची मुदत होती. शिवाय 2019 च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे बंदी लागू नसलेल्या योजनांच्या यादीत, सेबीकडे नोंदलेल्या योजनांना स्थान आहे, नोंद न झालेल्यांना नाही. म्हणजे एका बाजूने कंपनी सेबीच्या कक्षेत येत होती आणि दुसऱ्या बाजूने ठेवींच्या कायद्यात सापडत होती. एक बाजू निवडून दुसरी सोडण्याचा मोह मी टाळला. पाच कार्यालयांकडे एकच मजकूर पाठवण्याची आमच्याकडे जी पद्धत पडली आहे, तिचाही मला तिटकारा आहे. अशा अर्जात कोणालाच आपले काम नेमके काय ते कळत नाही.

म्हणून दोन वेगळे अर्ज केले. सेबीकडच्या अर्जात फक्त चार अटी आणि प्रत्येकीसमोर करारातले कलम, ताळेबंदातले आकडे आणि जुळणारे बिल्ला क्रमांक. निबंधकांकडच्या अर्जात शेळ्यांच्या मालकीचा वाद नव्हताच. तिथे तीन वर्षांची ‘आगाऊ रक्कम’, मुदल परतीची हमी आणि 365 दिवसांचा नियम एवढेच. नियामकांच्या राज्य पातळीवरील समन्वय समितीपर्यंत विषय जावा म्हणून रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवरही नोंद केली, पण त्यात ही कंपनी बिगरबँक वित्तीय कंपनी नाही हे पहिल्याच वाक्यात लिहिले.

सरांनी दोन्ही मसुदे लाल पेन हातात घेऊन वाचले. ‘सामुहिक’ मधला मु चार ठिकाणी दीर्घ केला, सही केली, आणि मेहुण्यांच्या कराराची छायाप्रत कोणत्या अर्जाला जोडायची ते विचारले. मी म्हणाले, सेबीच्या.