लेखापरीक्षण अहवाल तपासताना: शेरा, पुरावा आणि शिफारस

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या लेखापरीक्षणाचा सराव करणाऱ्या विद्यार्थ्यांचे अहवाल मी तपासतो. सगळ्यांना एकच फाइल दिलेली असते. ४० सदनिकांची संस्था, वर्षअखेर ३१ मार्च २०२४. सोबत रोजकीर्द, खतावणी, व्हाउचर, बँकेची कागदपत्रे आणि प्रोसिडिंग बुक. संस्था आणि आकडे सरावासाठी बनवलेले आहेत, चुका मात्र प्रत्यक्षात सापडतात तशाच पेरल्या आहेत. गुण ५०: शेऱ्यांना २०, पुराव्याला १५, शिफारशींना १०, मांडणीला ५. एका अहवालाला पाऊण तास लागतो आणि त्यातला निम्मा वेळ पुराव्याचा माग काढण्यात जातो.

वाचताना मी एकच कसोटी लावतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८२ प्रमाणे लेखापरीक्षणात निघालेल्या दोषांची दुरुस्ती करून संस्थेला तीन महिन्यांत नमुना ‘ओ’ मध्ये अहवाल द्यावा लागतो. विद्यार्थ्याचा शेरा वाचून संस्थेच्या सचिवाला त्या नमुन्यातली ओळ भरता येईल का? त्याला लेखापरीक्षकाला फोन करून ‘म्हणजे नक्की काय करायचं?’ असं विचारावं लागत असेल, तर शेरा अपुरा आहे.

सिंकिंग फंडाचा शेरा घेऊ. अहवालाचा दर्जा तिथेच कळतो. फाइलमध्ये इमारतीचा बांधकाम खर्च २,४०,००,००० रुपये आहे. उपविधीप्रमाणे सिंकिंग फंडाची वर्गणी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के, म्हणजे ६०,००० रुपये. ती नियमित वसूल झाली आहे. ताळेबंदात देणे बाजूला सिंकिंग फंड ७,२०,००० दिसतो, पण येणे बाजूला त्या निधीच्या मुदत ठेवी फक्त ४,५०,००० च्या आहेत. उरलेले २,७०,००० रोजच्या खर्चात गेले आहेत.

बहुतेक अहवालांत यावर असं वाक्य येतं: ‘सिंकिंग फंडाची गुंतवणूक योग्य प्रकारे केलेली दिसत नाही. संस्थेने याबाबत दक्षता घ्यावी.’ चूक पकडल्याबद्दल मी शेऱ्याच्या ५ पैकी २ गुण देतो. बाकीचे तीन कुठे गेले ते समासात लिहितो: किती, कशाच्या तुलनेत, का. ‘योग्य प्रकारे’ म्हणजे कोणत्या नियमाप्रमाणे हे सांगितलेलं नाही, रक्कम नाही, आणि पैसा कुठे गेला हे शोधलेलं नाही.

पूर्ण गुणांचा शेरा साधारण असा असतो: ‘३१ मार्च २०२४ रोजी सिंकिंग फंड ७,२०,००० असून त्यापोटी मुदत ठेवी ४,५०,००० च्या आहेत. उपविधीप्रमाणे हा निधी स्वतंत्रपणे गुंतवणे आवश्यक आहे. २,७०,००० रुपयांची गुंतवणूक झालेली नाही. देखभाल व सिंकिंग फंड यांची वसुली एकाच बचत खात्यात जमा होते आणि निधीचा भाग वेगळा काढण्याची पद्धत नाही. ही रक्कम लिफ्टची दुरुस्ती व रंगकामाच्या बिलांसाठी वापरली गेली. या वापरास सर्वसाधारण सभेचा ठराव प्रोसिडिंग बुकात आढळला नाही.’ यात वस्तुस्थिती, निकष, कारण, परिणाम सगळं आलं. चार उपशीर्षकं पाडली नाहीत तरी माझी तक्रार नसते.

कारणाच्या जागी बरेच जण ‘समितीचे अज्ञान’ लिहितात. त्याला मी गुण देत नाही. अज्ञानाचा पुरावा फाइलमध्ये नाही, एकच बचत खाते असल्याचा पुरावा आहे. शिवाय कारण अज्ञान ठरवलं की शिफारस ‘प्रशिक्षण घ्यावे’ अशी होते आणि पैसा होता तिथेच राहतो.

एका शब्दावर मी लाल पेन हमखास टेकवतो: ‘अपहार’. काही विद्यार्थी २,७०,००० चा अपहार झाल्याचं बिनधास्त लिहितात. लिफ्ट आणि रंगकामाची बिलं फाइलमध्ये आहेत, रकमा चेकने दिल्या आहेत. पैसा चुकीच्या कामाला लागला, कोणाच्या खिशात गेल्याचा पुरावा नाही. कलम ८१ प्रमाणे एखादी व्यक्ती हिशेबासंबंधीच्या गुन्ह्यात दोषी आहे असा निष्कर्ष लेखापरीक्षकाने काढला, तर अहवाल दिल्यापासून १५ दिवसांत निबंधकांना विशिष्ट अहवाल द्यावा लागतो, आणि त्यांच्या लेखी परवानगीने गुन्हाही नोंदवावा लागतो. एवढं पुढे चालणारा शब्द पुराव्याशिवाय वापरला तर मी त्या शेऱ्याला शून्य देतो, बाकी शेरा कितीही चांगला असला तरी.

आता पुराव्याचा माग. लेखापरीक्षण मानक २३० ची अपेक्षा अशी की या कामाशी आधी संबंध नसलेल्या अनुभवी लेखापरीक्षकाला कार्यपत्रकं वाचून काय तपासलं, काय सापडलं आणि निष्कर्ष कसा निघाला हे कळावं. तपासताना तो अनुभवी माणूस मीच होतो. अहवालातले तीन आकडे निवडतो आणि मागे मागे जातो: अहवाल, कार्यपत्रक, खतावणी, मूळ कागद. नंतर दोन व्हाउचर उचलून उलट दिशेने अहवालापर्यंत येतो. कुठे अडकलो तिथे पेन्सिलने फुली.

४,५०,००० च्या आकड्यामागे तीन पावत्या आहेत: २,००,०००, १,५०,००० आणि १,००,०००. तिसरी पावती झेरॉक्स आहे आणि तिची मुदत १४ फेब्रुवारी २०२४ ला संपली आहे. म्हणजे वर्षअखेरीला ही ठेव अस्तित्वात होती याचा तो कागद पुरावाच नाही. ती मोडली असेल, तिच्यावर कर्ज काढलं असेल किंवा नूतनीकरण झालं असेल. दहापैकी सात-आठ जण पावतीवरचा आकडा पाहून टिक करतात आणि पुढे जातात. तारीख वाचली का, हे कार्यपत्रकात मुदतीचा रकाना आहे की नाही यावरून लगेच समजतं.

फाइलच्या शेवटी बँकेचं शिल्लक-पत्र लावलेलं आहे. ठेवीचं नूतनीकरण झालं असून रक्कम आता १,०६,६६० आहे, असं त्यात आहे. एक वर्षाची ठेव, ६.५ टक्के, तिमाही चक्रवाढ. व्याज बरोबर ६,६६० येतं. संस्थेच्या वहीत मात्र अजून १,००,००० च आहेत. ज्याने हे पत्र वाचलं, त्याने व्याजाची नोंद राहिल्याचा वेगळा शेरा लिहायला हवा. इथे हुशार विद्यार्थीही एकदा घसरतात. ते ठेवी ४,५६,६६० धरतात आणि तूट २,६३,३४० वर आणतात. या संस्थेच्या उपविधीप्रमाणे निधीवरचं व्याज निधीतच जमा करायचं आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूला निधीही ७,२६,६६० होतो आणि तूट होती तेवढीच, २,७०,००० राहते. एकच बाजू दुरुस्त केली तर मी एक गुण कापतो, पण पत्र शोधल्याचे दोन पूर्ण देतो.

‘सचिवांनी सांगितले’ हे वाक्य मी चालवून घेतो, पण कोणत्या तारखेला, कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात, आणि त्याची खातरजमा कोणत्या कागदावरून केली हे सोबत असेल तरच. नुसतं तोंडी उत्तर ही पुराव्याची सुरुवात आहे.

दुसरी फसवी जागा नमुना-तपासणीची. वर्षभरात ३१२ व्हाउचर आहेत. एका विद्यार्थ्याने १०,००० च्या वरची सगळी २२ आणि उरलेल्यांतून दर महिन्याची दोन, म्हणजे २४, अशी ४६ तपासली. निवड छान. ९ व्हाउचरना बिल नव्हतं. अहवालात त्याने लिहिलं, ‘संस्थेच्या सुमारे २० टक्के व्हाउचरना बिले नाहीत.’ गणित बरोबर, वाक्य चूक. मोठी २२ सगळी पाहिली आहेत, त्यात बिल नसलेली नेमकी २ निघाली. तो आकडा पक्का. लहान २९० पैकी २४ पाहिली आणि त्यात ७ निघाली. दोन्ही गट एकत्र करून काढलेली टक्केवारी संस्थेच्या सगळ्या व्हाउचरना लावता येत नाही, कारण मोठी व्हाउचर नमुन्यात जवळजवळ निम्मी आहेत आणि संस्थेत दहातलं एकही नाही. मी समासात लिहितो: ‘दोन ओळी कर. टक्केवारी काढून टाक. नऊ व्हाउचरचे क्रमांक, तारीख, रक्कम परिशिष्टात दे.’ सचिवाला नमुना ‘ओ’ भरताना ते क्रमांकच लागणार आहेत.

शिफारशींना मी कडक असतो, कारण शेवटच्या दिवशी घाईत लिहिलेलं तिथे उघड होतं. सिंकिंग फंडावर ‘संपूर्ण रक्कम त्वरित गुंतवावी’ असं कुणी लिहिलं की मी बचत खात्याची शिल्लक पाहायला सांगतो. तिथे ६२,००० आहेत. त्यातून २,७०,००० ची ठेव होत नाही. ‘लेखा सॉफ्टवेअर बसवावे’ ही दुसरी आवडती शिफारस. सॉफ्टवेअर बसवलं तरी खातं एकच राहणार.

मला पूर्ण गुण द्यावेसे वाटले ती शिफारस दोन भागांची होती. पहिला भाग कारणावर: सिंकिंग फंडासाठी वेगळं बँक खातं उघडावं आणि खजिनदाराने प्रत्येक तिमाहीच्या वसुलीनंतर १५,००० तिथे वर्ग करून त्याची नोंद समितीच्या सभेपुढे ठेवावी. दुसरा भाग मागच्या तुटीवर: तिमाही ४५,००० प्रमाणे सहा तिमाहींत २,७०,००० भरून काढावेत, यासाठी लागणारी जादा वर्गणी वार्षिक सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यावी आणि झालेल्या वापराचा विषय त्याच सभेपुढे ठेवावा. कोणी, किती, केव्हा, हे आलं; पुढच्या वर्षीच्या लेखापरीक्षकाला काय पाहायचं तेही आलं, वेगळं पासबुक. तीन महिन्यांत पहिला भाग पूर्ण होतो, दुसऱ्याचा एक हप्ता भरलेला असतो, म्हणजे नमुन्यात खरं काहीतरी लिहिता येतं.

शेऱ्यांच्या क्रमाचे मांडणीत २ गुण आहेत. २,७०,००० चा शेरा अकराव्या क्रमांकावर आणि ‘रोजकीर्दीच्या पानांवर क्रमांक नाहीत’ हा पहिल्यावर, असं असेल तर ते दोन्ही जातात.

गुणांची बेरीज करण्याआधी मी गठ्ठ्यातले पहिले पाच अहवाल पुन्हा काढतो. सुरुवातीला मी कडक असतो. विसाव्या अहवालापर्यंत ‘योग्य प्रकारे’ हे शब्द इतक्यांदा वाचलेले असतात की नुसता आकडा दिला तरी हात सैल सुटतो. फरक दोन गुणांपेक्षा जास्त निघाला, तर पुरावा आणि शिफारशीचे गुण त्या पाचांत नव्याने देतो.