पोटरी दाबून पाहायला दहा दिवस लागले : टाचेची शीर तुटल्याचा माझा अनुभव

शर्यत शंभर मीटरची होती. साधारण तिसाव्या मीटरवर उजव्या घोट्याच्या मागे कुणीतरी जोरात लाथ मारावी तसा फटका बसला आणि सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला. मी पडता पडता मागे वळून पाहिले, तर मागे कुणीच नव्हते. शेजारच्या पट्ट्यात धावणाऱ्या मैत्रिणीलाही तो आवाज ऐकू गेला होता. पहिली कळ पाचसात मिनिटांत ओसरली. उरले ते पाऊल टाकताना टाचेखाली जमीनच नसल्यासारखे वाटणे. हे सर्व मी त्याच दिवशी, याच शब्दांत, रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात सांगितले होते. एवढ्या वर्णनावरून टाचेची शीर, म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा अकिलीज टेंडन, तुटल्याची शंका यायलाच हवी, हे मला नंतर कळले.

तेथे पायाचा एक्स-रे काढला गेला. हाड मोडलेले नव्हते. केसपेपरवर ‘घोटा मुरगळला’ असे लिहून क्रेप बँडेज बांधले गेले. पाच दिवस पाय उंचावर ठेवा, मग हळूहळू चालायला लागा, असे सांगून मला घरी पाठवले. एक्स-रे हाडांसाठी असतो आणि शिरेची तूट त्यात थेट दिसत नाही. त्यामुळे तो निर्दोष येणे म्हणजे शीर शाबूत असणे नव्हे. मात्र ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ हे वाक्य एवढ्या ठामपणे उच्चारले जाते की रुग्णाला पुढे काही विचारावेसेच वाटत नाही. मलाही वाटले नाही.

सहाव्या दिवशी सूज उतरली, तरी मला जिना चढताना उजव्या पायावर भार देऊन वर उचलून घेता येत नव्हते. चालताना तो पाय मागे सपाट पडून राहायचा, चवड्यावर येतच नव्हता. मी पुन्हा गेले. या वेळी दुसरे डॉक्टर होते. मी खुर्चीवर बसलेली असतानाच त्यांनी विचारले, “पाऊल खाली दाबता येते का?” मी दाबून दाखवले. ते म्हणाले, “मग शीर तुटलेली नाही. तुटली असती तर एवढेही जमले नसते.”

त्या एका वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, कारण ते चुकीचे आहे आणि असंख्य रुग्ण त्यात अडकतात. पाऊल खाली दाबण्याचे काम टाचेची शीर एकटी करत नाही. घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या काही लहान शिरा व अंगठा वाकवणारी शीर हेही काम थोडेफार करतात. त्यामुळे मुख्य शीर पूर्ण तुटली तरी बसल्या बसल्या पाऊल हलते, इतकेच काय, लंगडत चालताही येते. जमत नाही ते फक्त त्या एका पायाच्या चवड्यावर उभे राहून टाच उचलणे. मला कुणी ते करायला सांगितलेच नाही.

तरी मी हट्ट धरला म्हणून सोनोग्राफीची चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीवर ‘घोट्याचा सांधा, मुरगळल्यानंतरचे दुखणे’ असे लिहिले होते आणि तातडीच्या चौकटीत खूण नव्हती. खिडकीवर मला नऊ दिवसांनंतरची तारीख मिळाली. मी खिडकीवरच्या बाईंना सांगितले की मला घोट्याच्या सांध्यात नव्हे, टाचेच्या चार बोटे वर, मागच्या बाजूला दुखते आहे, आणि तेथे बोट फिरवले तर खळगा लागतो. त्या म्हणाल्या, “चिठ्ठीवर जे लिहिले आहे तेच आम्ही करणार. बदल हवा असेल तर डॉक्टरांकडून लिहून आणा.” डॉक्टर तोवर निघून गेले होते. त्यांच्या जागी बसलेल्यांनी दुसऱ्याने लिहिलेली चिठ्ठी बदलण्यास नकार दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, दीड तास थांबले आणि तीच तारीख घेऊन परत आले. ज्या दिवसांत माझे पाऊल खाली झुकवून बांधलेले असायला हवे होते, त्या दिवसांत मी ते सपाट टेकवून रांगेत उभी होते.

दहाव्या दिवशी ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी काही विचारण्याआधी मला पलंगावर पालथे झोपवले आणि दोन्ही पावले पलंगाच्या कडेबाहेर लोंबती ठेवली. डावी पोटरी मुठीत धरून दाबली, तशी डाव्या पावलाची बोटे चटकन मागे गेली. मग उजवी दाबली. पाऊल जागचे हलले नाही. त्यांनी पुन्हा दाबली, थोडी वर, थोडी खाली, आणि मी मान वळवून पाहत होते : पोहऱ्याचा दोर तुटलेला असताना रहाट फिरवावा, तसे ते होते. पुढे त्यांनी माझे दोन्ही गुडघे काटकोनात वाकवले. डावे पाऊल किंचित बोटांकडे झुकलेले राहिले आणि उजवे मात्र आडवे, सपाट झाले. या सगळ्याला दोन मिनिटेही लागली नाहीत आणि कसलेही यंत्र लागले नाही. पोटरी दाबण्याच्या या तपासणीला थॉम्पसन चाचणी म्हणतात. तुम्हाला असा फटका बसला असेल आणि कुणी बसल्या बसल्याच तपासत असेल, तर ‘मला पालथे झोपवून पोटरी दाबून पाहाल का?’ एवढे स्पष्ट विचारा. मी पहिल्या दिवशी हे विचारू शकले असते तर पुढचे बरेच वेगळे झाले असते.

फिजिओथेरपिस्टनी दोन ओळी लिहून दिल्या : ‘थॉम्पसन चाचणीत पाऊल हलत नाही, शिरेत खळगा लागतो, संपूर्ण तुटल्याची शंका.’ त्या ओळी घेऊन अकराव्या दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले तेव्हा सोनोग्राफी तासाभरात झाली. शीर टाचेच्या हाडापासून सुमारे पाच सेंटिमीटर वर पूर्ण तुटली होती. बहुतेकांची ती दोन ते सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यातच तुटते, कारण तेथे रक्तपुरवठा कमी असतो. डॉक्टरांनी पाऊल खाली झुकवून पुन्हा पाहायला लावले आणि तरीही दोन टोकांमध्ये दीड सेंटिमीटरचे अंतर उरले. उपचाराची निवड करताना हेच अंतर महत्त्वाचे ठरले.

कारण निवड खरोखरच असते, आणि शस्त्रक्रिया हा एकच मार्ग नसतो. तुटल्यानंतर लगेच पाऊल खाली झुकवून बुटात किंवा प्लास्टरमध्ये ठेवले, तर टोके एकमेकांजवळ येतात, मधल्या रक्ताच्या गाठीतून नवा धागा तयार होतो आणि शीर न शिवताही सांधते. डॉक्टरांनी मला नॉर्वेतल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितले. त्यात ५२६ रुग्ण होते. एक वर्षानंतर पायाच्या क्षमतेच्या गुणांमध्ये शस्त्रक्रिया केलेले आणि न केलेले यांच्यात लक्षणीय फरक नव्हता. फरक होता तो पुन्हा तुटण्यात : शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकी सुमारे सहा टक्के जणांची शीर पुन्हा तुटली, शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी जणांची. उलट, नसेला इजा होणे शस्त्रक्रियेच्या गटांत अधिक होते, विशेषतः लहान छेदातून शिवलेल्यांमध्ये, कारण पावलाच्या बाहेरच्या कडेला संवेदना देणारी नस या शिरेच्या अगदी लगत जाते आणि लहान छेदातून ती दिसत नाही. शिवाय घोट्यामागची त्वचा पातळ असते. तेथली जखम चिघळली तर भरायला फार वेळ घेते. मधुमेह किंवा धूम्रपान असेल तर हा धोका वाढतो.

“पहिल्या दोनतीन दिवसांत आला असतात आणि पाऊल झुकवल्यावर टोके जुळली असती,” डॉक्टर म्हणाले, “तर मी दोन्ही मार्ग तुमच्यासमोर सारखेच ठेवले असते. आता टोके मागे सरकली आहेत. बुटाने सांधली तरी शीर लांब होऊन सांधेल आणि पोटरीचा जोर कायमचा उणा राहील.” ते स्पष्ट बोलले याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मी उघड्या छेदाची शस्त्रक्रिया निवडली, पण निवडली असे म्हणताना आजही खटकते, कारण दुसरा पर्याय माझ्याकडून त्या खिडकीच्या रांगेत काढून घेतला गेला होता. आणखी तीनचार आठवडे गेले असते, तर नुसती टोके शिवणे पुरले नसते. कदाचित अंगठ्याची शीर काढून तेथे जोडावी लागली असती.

तेराव्या दिवशी, मणक्यातून भूल देऊन आणि पालथे झोपवून, शस्त्रक्रिया झाली. ती सुरळीत पार पडली.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. डॉक्टरांनी मला गेल्या महिन्यात कोणती प्रतिजैविके घेतली ते विचारले. मी लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन घेतले होते. या गटातील औषधांमुळे टाचेची शीर कमकुवत होऊन तुटण्याचा धोका वाढतो. सोबत स्टेरॉइड चालू असेल तर अधिकच. माझ्या बाबतीत तेच कारण होते असे कुणी सांगू शकणार नाही, पण ही औषधे चालू असताना टाचेमागे दुखू लागले तर धावणे थांबवून डॉक्टरांना कळवावे.

दोन आठवड्यांनी टाके काढले आणि टाचेखाली तीन पाचरी असलेला बूट मिळाला. एकेक पाचर ठरल्या वेळी कमी होत गेली आणि पाऊल हळूहळू सरळ झाले. बूट घातला की तो पाय उंच होतो आणि कंबर दुखू लागते, म्हणून दुसऱ्या पायात जाड तळाचा जोडा घालावा. पाय अडकून पडल्यामुळे पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते. मला काही आठवडे रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने होती. पोटरी अचानक सुजून दुखली किंवा दम लागला, तर सकाळची वाट पाहू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे : पहिले तीन महिने पाऊल वरच्या बाजूला ताणू नये. आखडल्यासारखे वाटते, ताणून मोकळे करावेसे वाटते, पण त्या काळात ताणलेली शीर लांबच राहते आणि तो सैलपणा पुढे व्यायामाने भरून निघत नाही.

आठ महिन्यांनी मी त्याच फिजिओथेरपिस्टच्या खोलीत भिंतीला दोन बोटे टेकवून फक्त उजव्या पायावर उभी राहिले आणि टाच उचलली. डावी टाच बारा सेंटिमीटर उचलली जाते, उजवी नऊ. त्यांनी मोजपट्टीवरचे आकडे माझ्या कागदावर लिहिले, आणि पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची दिली.