फोरमनने की फोरमनला

चाकणच्या एका कारखान्यात प्रेसवर अपघात झाला, ऑपरेटरची दोन बोटं गेली. त्या दिवशी मशीनपाशी जो फ्रेंच इंजिनिअर होता तो नंतर मायदेशी परत गेला, म्हणून कंपनीच्या चौकशीसाठी त्याचा जबाब कॉलवर रेकॉर्ड केला गेला, तिकडेच कोणीतरी तो ऐकून टाइप केला आणि ती फाइल मराठीत करायला माझ्याकडे आली. मराठीत का, तर समितीत युनियनची माणसं होती आणि त्यांनी मराठी प्रतच हवी म्हणून सांगितलं. बरोबरच केलं.

एजन्सी सहसा ऑडिओ देत नाही, कारण ऐकायचं म्हटलं की रेट वाढतो. मी मागितला कारण ती फाइल मला जरा जास्तच स्वच्छ वाटली. दुसऱ्याच पानावर त्या इंजिनिअर साहेबांचं वाक्य होतं, ‘स ने पा म्वा की ए श्युंते ला बारिएर’. बारिएर म्हणजे प्रेसचा लाइट कर्टन, हात आत गेला की मशीन थांबवणारा, आणि श्युंते म्हणजे तो बायपास करणं. आता वर्कशॉपमधला माणूस बोलताना ‘स ने पा’ असं पूर्ण कशाला म्हणेल, तो ‘से पा’च म्हणणार. ऑडिओत तसंच निघालं, वर तो ‘की ए’ नाही तर ‘की आ’ म्हणाला होता. व्याकरणात क्रियापद ‘म्वा’ म्हणजे ‘मी’प्रमाणे चालवायचं, म्हणजे ‘ए’च पाहिजे, पण कितीतरी फ्रेंच लोक बोलताना सर्रास ‘आ’ म्हणतात. टाइप करणाऱ्याने गुपचूप दुरुस्त केलं. जबाब म्हणजे काय दहावीचा निबंध आहे का?

बरं, या वाक्याचं एजन्सीतल्या कोणीतरी समितीतल्या साहेबलोकांसाठी इंग्रजी आधीच करून ठेवलेलं, त्याचा अर्थ होत होता ‘मी बायपास केला नाही’. असं म्हटलं तर बायपास झाला की नाही हेच उघडं राहतं. तो म्हणत होता ‘बायपास करणारा मी नव्हे’, म्हणजे कोणीतरी केलाय हे त्याने धरूनच ठेवलंय, फक्त स्वतःला बाहेर काढतोय. मराठीत मी ‘बायपास मी नाही केला’ असं केलं, शब्द नुसते पुढेमागे सरकवले की आपल्याकडे काम होतं, शिवाय ‘च’ आहेच हाताशी. फ्रेंचला ही चैन नाही. तिथे आघात साधारण शब्दगटाच्या शेवटच्या अक्षरावर पडतो, मधल्या एखाद्या शब्दावर नुसता आवाज चढवून भागत नाही, म्हणून जे पुढे आणायचं ते ‘से’ आणि ‘की’ किंवा ‘क’ यांच्या मध्ये उचलून ठेवतात. ठेवलेला माणूस कर्ता असेल तर ‘की’, बाकी सगळ्याला, म्हणजे कर्म, वेळ, जागा, काहीही असो, ‘क’. क्लासमध्ये हे आपण गाळलेल्या जागा भरून शिकतो, पेपरात पैकीच्या पैकी पडतात, आणि कानाने ऐकून ओळखा असं कोणी कधी सांगतच नाही.

खरी गोम पुढे होती. चौकशी करणारी बाई विचारते, आणि ऑपरेटरचं काय या सगळ्यात? त्यावर फाइलमध्ये उत्तर होतं, ‘से ल कोंत्रमेत्र की ला प्रेवन्यू’, म्हणजे फोरमननेच त्याला सावध केलं होतं. विषय कर्टन मधेच दगा देतोय याचा होता. म्हणजे ऑपरेटरला माहीत होतं, तरी त्याने हात घातला. संपलं, सगळं त्याच्या गळ्यात.

पण हे वाक्य ऐकायला कसं येतं बघा. ‘की’ कर्त्याचा, मग ‘ला’, त्यात ‘त्याला’ आणि ‘आ’ हे सहायक क्रियापद एकत्र. आता दुसरं वाक्य घ्या, ‘क’ कर्माचा, पुढे ‘इल’ म्हणजे तो, मग ‘आ’. स्वरापुढे ‘क’ आपला स्वर टाकतो आणि ‘इल’ला चिकटतो, कील आ, म्हणजे तोंडातून पुन्हा ‘कीला’च. पहिल्यात अ‍ॅपॉस्ट्रॉफी एलनंतर, दुसऱ्यात क्यू-यूनंतर, एवढाच फरक आणि तोही कागदावर. कानाला शून्य. आणि दुसऱ्याचा अर्थ, फोरमनलाच त्याने सावध केलं होतं. म्हणजे ऑपरेटरने तक्रार केली होती आणि फोरमनने मशीन चालू ठेवलं. सगळा दोष फिरतो. फ्रेंच लिहिणाऱ्याला निदान वाटतं तरी की आपण ऐकलं तेच लिहिलं, मराठीत ‘ने’ की ‘ला’ ते ठरवल्याशिवाय पेन उचलता येत नाही.

त्याने सावध करण्याऐवजी फोन करण्याचं क्रियापद वापरलं असतं तर हा घोळ झालाच नसता, कारण त्याला ‘आ’ हे प्रिपोझिशन लागतं आणि ते माणसाबरोबर पुढे येतं, इथे ‘ल’ला मिळून ‘ओ’ होऊन. ‘से ओ कोंत्रमेत्र कील आ तेलेफोने’ म्हणजे फोरमनला याने केला, ‘से ल कोंत्रमेत्र की लुई आ तेलेफोने’ म्हणजे फोरमनने याला केला. बहिऱ्यालाही कळेल.

आणि गंमत म्हणजे त्याने ते वापरलंही होतं, पुढच्याच श्वासात. फाइलमध्ये तिथे ‘अस्पष्ट’ लिहून सोडलेलं, कारण बाई मधेच बोलायला लागते. स्पीड कमी करून, हेडफोन लावून, तिच्या आवाजाखालून ते वाक्य काढायला माझी अख्खी दुपार गेली. ‘सेतालुई क जोरे तेलेफोने, म्वा ओसी’. मीसुद्धा त्यालाच फोन केला असता. नुसतं ‘से लुई’ असतं तर मधे त आला नसता, तो त जोडणीचा आहे, ‘से’च्या शेवटचा मुका त पुढच्या ‘आ’ या स्वरामुळे जागा होतो, म्हणजे ‘आ’ आहे, म्हणजे ‘त्याला’. हा ‘तो’ कोण? ऑपरेटर असणं कठीण, कारण तासाभरापूर्वीच्या रेकॉर्डिंगमध्ये साहेब स्वतः सांगतो की ऑपरेटरशी त्याचं बोलणं हातवाऱ्यांवर चालायचं, आणि प्रेसजवळ मोबाइल न्यायला बंदी आहे. ‘मीसुद्धा’ हेही बघा, म्हणजे आधी कोणीतरी त्याला सांगितलेलं असणार. माझ्या मते ऑपरेटरने फोरमनला सांगितलं होतं.

मी कोऑर्डिनेटरला मिनिट-सेकंदासकट लिहून पाठवलं. उत्तर आलं, अहो मॅडम, टाइप करणारा नेटिव्ह आहे, तुम्ही आहे त्याचं करा ना. नेटिव्ह असला म्हणून जो फरक आवाजातच नाही तो त्याच्या कानाला कुठून ऐकू येणार, उलट त्याने पहिला सुचला तो अर्थ लिहिला आणि पुढे गेला, दुसरा आहे हे त्याच्या डोक्यातही आलं नसेल. मग कंपनीच्या वकिलांचा फोन आला, त्यांनी मात्र नीट ऐकून घेतलं. म्हणाले, म्हणजे हे तुम्ही ऐकलेलं नाही, काढलेलं आहे. खरं आहे. त ऐकला, ‘तो’ कोण ते काढलं. फोन केला असता असं म्हणणारा माणूस हातवाऱ्यांच्या ओळखीवाल्यालाही म्हणू शकतो, बोलण्याच्या ओघात काय काय निघतं तोंडातून.

शेवटी मराठी प्रतीत दोन्ही वाचनं गेली, फाइलमधलं वर आणि माझं खाली टिपेत, बारीक अक्षरात. टीप कोण वाचतं? युनियनच्या एका माणसाने वाचली म्हणे, आणि समितीत विचारलं की त्या इंजिनिअरला परत विचारायला काय जातं. त्यावर उत्तर मिळालं की जबाब बंद झालाय, परत उघडायला तिकडची मंजुरी लागेल. ती अजून आलेली नाही. फ्रेंचमध्ये चार शब्दांचा ई-मेल आहे तो, की आ प्रेवन्यू की, कोणी कोणाला सांगितलं.