जमेल तसं

घरी येऊन दोन तास झाले, पण डोक्यातून एक वाक्य जात नाहीये. आज आमच्या बँकेच्या शाखेतल्या हेड कॅशिअरशी त्याच्या उशिरा येण्याबद्दल बोलले. मी आवाज चढवला नव्हता आणि त्यानेही सगळं शांतपणे ऐकून घेतलं. उठता उठता एवढंच म्हणाला, "मॅडम, मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात ना, जमेल तसं लवकर येत जा."

म्हणाले होते. तीन आठवड्यांपूर्वी, माझ्या काचेच्या केबिनमध्ये, चहा घेता घेता. आधी त्याच्या आईचा गुडघा, मग त्याच्या हिशेबात महिनोन्‌महिने एका रुपयाचा फरक येत नाही याचं कौतुक, आणि निघताना दारात ते वाक्य. त्याने कौतुक नेलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजून पाच मिनिटांनी हसत आला. मला राग आला, पण त्याचं काय चुकलं? त्याला जमलं तसा तो आला होता.

तिजोरीला मात्र 'जमेल तसं' कळत नाही. दोन किल्ल्या, एक त्याच्याकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघांनी मिळून पावणेदहाला उघडायची, रोकड काढून मोजायची, नोंदवहीत दोघांनी सह्या करायच्या, मग दहाला काउंटर सुरू. तो दहा-दहाला आला की पहिला पैसा काउंटरवर यायला साडेदहा होतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तोवर पेन्शनची रांग पायऱ्यांपर्यंत गेलेली असते. 'गाडीत आहे' असा त्याचा फोन आला तरी उपयोग नाही, कारण किल्लीही त्याच्याच बरोबर गाडीत असते. ताबा दुसऱ्याकडे द्यायचा तर तो आदल्या संध्याकाळीच द्यावा लागतो, नोंद करून, देणाऱ्या-घेणाऱ्याच्या सह्यांसह.

शाखेत वाईटपणा घ्यायची वेळ आली की सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळतात. वरून विचारणा मला, काउंटरवरचे टोमणेही मलाच. आणि ज्याच्याशी बोलायचं तो सगळ्यात प्रामाणिक माणूस. जाऊ दे.

आज वेगळं केलं. सकाळी तो आला तेव्हा काही बोलले नाही, समोर रांग होती. सव्वापाचला तिजोरी बंद झाल्यावर रेकॉर्ड रूममध्ये बसलो. तिथे बाहेरून कुणाला चेहरे दिसत नाहीत. चहा मागवला नाही. पहिलंच वाक्य, "तुमच्या उशिरा येण्याबद्दल बोलायचं आहे, ते थांबायला हवं." मग हजेरी समोर ठेवली. बारा दिवसांत पाच वेळा: 10:05, 10:12, 10:08, 10:20, 10:10. 'तुम्ही नेहमीच' हा शब्द टाळला. तो म्हटला की माणूस वेळेवर आलेले सात दिवस मोजून दाखवायला लागतो आणि बोलणं तिथेच भरकटतं.

नंतर गप्प बसले. ते गप्प बसणं फार जड गेलं, दोनदा तोंडापर्यंत 'तसं काही एवढं नाही' आलं होतं.

मग तो बोलला. बायकोची सकाळची ड्युटी सुरू झाल्यापासून मुलाला शाळेच्या बसपर्यंत तोच सोडतो. बस दहा मिनिटं उशिरा आली की लोकल जाते, आणि त्याच्याकडे कल्याणच्या पुढे गाड्या कमी, पुढची पंचवीस मिनिटांनी. कारण खरं आहे. त्या मुलाचं काय, हे मी विचारायला हवं होतं, राहून गेलं.

कारण खरं असलं तरी वेळ पावणेदहाच. दोन वाटा सांगितल्या. मुलाला बसपर्यंत सोडायला दुसरं कुणी बघायचं आणि आधीची गाडी धरायची. किंवा किल्लीचा ताबा सोडायचा आणि दुसऱ्या काउंटरवर दहाला हजर व्हायचं. पण मग हेड कॅशिअरचा विशेष भत्ता जाईल, तेही तिथेच सांगितलं. नंतर पगाराच्या चिठ्ठीत कळण्यापेक्षा बरं. पुन्हा उशीर झाला तर लेखी खुलासा मागावा लागेल, हेही सांगितलं. शेवटी म्हटलं, "काय ठरलं ते तुमच्या शब्दांत सांगा." तो म्हणाला, "सोमवारपासून पावणेदहा. शेजारच्या काकूंना विचारतो. नाहीच जमलं तर शुक्रवारी संध्याकाळी किल्ली देतो." हा प्रश्न मागच्या वेळी विचारला असता तर 'जमेल तसं' हे तेव्हाच त्याच्या तोंडून ऐकू आलं असतं.

आणि मग ते वाक्य. तक्रार नव्हती त्यात. त्याला खरंच वाटलं होतं की चाललंय ते चालेल. तीन आठवडे मी मनात त्याच्यावर चिडत होते आणि त्याला पत्ताच नव्हता. "हो, मी तसं म्हणाले होते, ते माझं चुकलं," एवढं तरी आज म्हटलं. ते म्हटल्यावर दोघांनाही जरा मोकळं वाटलं.

जेवणानंतर त्याला तीन ओळींचा मेल लिहिला. ठरलेली वेळ, शुक्रवारची मुदत, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पंधरा मिनिटं बसायचं. मेमो नाही, प्रत कुणालाही नाही. वाचून पाहिला तर पहिल्या ओळीत 'शक्यतो' आला होता. तो काढला आणि मेल पाठवला.